सर्व्हिस चार्ज काढायला लावला, पण बिल जुळत नाही

कर्वेनगरकर

परवा पुण्यातल्या एका बऱ्यापैकी चालणाऱ्या व्हेज हॉटेलात आम्ही चौघे जेवलो. पदार्थांची यादी देत नाही, खालचा भाग तेवढा टाकतो.

```
जेवणाची बेरीज       १८४०.००
सर्व्हिस चार्ज १०%     १८४.००
सब टोटल           २०२४.००
सीजीएसटी २.५%        ५०.६०
एसजीएसटी २.५%        ५०.६०
राउंड ऑफ            -०.२०
एकूण             २१२५.००
```

सर्व्हिस चार्ज देणार नाही म्हटल्यावर कॅप्टन म्हणाला, "सर, कंपल्सरी आहे, मेन्यूकार्डावर छापलंय." पाहिलं तर खरंच शेवटच्या पानावर अगदी तळाला, मुंगीच्या अक्षरात छापलेलं होतं. थोडी बाचाबाची झाली. मग मॅनेजर आला, त्याने त्याच बिलावर पेनाने वजा १८४ लिहिलं, खाली १९४१ केलं आणि सही ठोकली. मी पैसे दिले.

गाडीत बसल्यापासून मेहुण्याचं एकच पालुपद, की तो सरकारी कर आहे, तू उगाच वाद घातलास. बायकोचं म्हणणं वेगळं आहे, ते इथे लिहीत नाही. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा चार्ज खरंच सक्तीचा आहे का? आणि १९४१ हा आकडा बरोबर आहे का? काहीतरी खटकतंय, पण नेमकं बोट ठेवता येत नाही.

बे_एके_बे

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. १८४० चे पाच टक्के ९२. म्हणजे १९३२ व्हायला हवे होते. तुम्ही नऊ रुपये जास्त दिलेत. त्यांनी सर्व्हिस चार्ज वजा केला, पण त्या सर्व्हिस चार्जवर लावलेला जीएसटी तसाच ठेवला.

सुनंदा_वि

मेहुणे बरोबर बोलतायत असं मला वाटतं. सर्व्हिस टॅक्स सरकारचाच असतो आणि तो एसी हॉटेलात लागतो. म्हणून तर आम्ही पूर्वी मुद्दाम नॉन एसी सेक्शनमध्ये बसायचो. तुम्ही एसीत बसला होतात का?

जमाखर्च

सुनंदाताई, तुम्ही सांगताय ते खरं होतं, पण तेव्हा. सर्व्हिस टॅक्स नावाचा केंद्राचा कर होता आणि तो एसी असलेल्या हॉटेलांच्या बिलावर लागायचा. ३० जून २०१७ च्या रात्री तो संपला. जीएसटी आल्यावर पहिले काही महिने एसीला १८ आणि नॉन एसीला १२ टक्के होते. १५ नोव्हेंबर २०१७ पासून साध्या हॉटेलांना सरसकट ५ टक्के झाले, मग एसी असो वा पंखा. ते पाच टक्के बिलात अडीच-अडीच असे दोन ओळींत दिसतात, कारण अर्धे केंद्राचे आणि अर्धे राज्याचे. सरकारकडे जाणारा कर म्हणाल तर तो एवढाच.

सर्व्हिस चार्ज सरकारकडे जात नाही, तो हॉटेलच्या गल्ल्यात जातो. नाव जवळजवळ सारखं असल्याने निम्मा महाराष्ट्र अजून गफलत करतो आणि कॅप्टन लोकांना ती गफलत सोयीची पडते.

आता कर्वेनगरकरांचं बिल. त्यात वरून खाली ओळींचा क्रम पाहा, सगळी गोम तिथे आहे. सर्व्हिस चार्ज कराच्या वर बसलाय. म्हणजे आधी १८४ मिळवले आणि मग २०२४ वर पाच टक्के कर लावला. जेवणावरचा कर ९२ रुपये, बिलातला कर १०१.२०. फरक ९.२०, आणि तो फक्त सर्व्हिस चार्जपोटी आहे. त्यामुळे ही ओळ काढायची तर १८४ नव्हे, १९३.२० कमी व्हायला हवेत. मॅनेजरने पेनाने वजाबाकी केली तिथेच चूक झाली. बिल नव्याने काढायला हवं होतं.

कर्वेनगरकर

म्हणजे दहा टक्के म्हणतात, पण खिशातून साडेदहा जातात तर.

जमाखर्च

हो, बरोबर साडेदहा.

गल्लामालक

माझं ठाण्यात छोटं हॉटेल आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ग्राहक मंत्रालयाने २०२२ साली सर्व्हिस चार्जविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. अट एवढीच होती, की चार्ज मेन्यूवर ठळक दाखवायचा आणि पार्सलवर लावायचा नाही. त्यामुळे मेन्यूवर छापलेला असेल तर घेणं कायदेशीर आहे. गिऱ्हाईक मेन्यू वाचून ऑर्डर देतं, म्हणजे त्याला ते मान्य आहे असंच धरायचं. नको असेल त्याने दुसरीकडे जेवावं.

जमाखर्च

गल्लामालक, तुमची माहिती निम्म्या वाटेवर थांबली आहे. सूचना ४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने काढल्या आणि २० जुलैला स्थगिती आली, इथवर बरोबर. पण प्रकरण तिथे संपलं नाही. २८ मार्च २०२५ रोजी त्याच न्यायालयाच्या न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी हॉटेल संघटनांच्या दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना वैध ठरवल्या आणि दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाखाचा दंडही केला. याचिकाच फेटाळली गेल्यावर स्थगिती कुठली राहते?

मेन्यूवर छापलं म्हणजे करार झाला, हा मुद्दा संघटनांनी तिथेही मांडला होता. तो चालला नाही. छापलेलं असलं तरी सक्तीने घेणं ही अनुचित व्यापारी प्रथाच, असं न्यायालयाने म्हटलं.

सूचनांचा सारांश साध्या भाषेत असा: हॉटेलने आपणहून बिलात सर्व्हिस चार्ज टाकायचा नाही. दुसऱ्या नावानेही टाकायचा नाही. सक्ती करायची नाही, आणि तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. 'देणार नसाल तर आत येऊ नका' असं म्हणायचं नाही. आणि कर्वेनगरकरांच्या बिलात झालंय ते, म्हणजे जेवणात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावणं, तेही करायचं नाही.

गल्लामालक

पण संघटनेने अपील केलंय ना?

जमाखर्च

केलंय, खंडपीठापुढे. ऑगस्ट २०२५ मधल्या सुनावणीत खंडपीठाने उलट हॉटेलवाल्यांनाच विचारलं, की वीस रुपयांच्या पाण्याच्या बाटलीचे शंभर घेता ते वातावरणाचे आणि सेवेचेच ना? मग वर सर्व्हिस चार्ज कशाचा? अंतिम निकाल उलटा लागूही शकतो, मी भविष्य सांगत नाही. पण अपील दाखल झालं म्हणून खालचा निकाल आपोआप थांबत नाही.

गल्लामालक

दिल्लीचा निकाल महाराष्ट्राला कसा लागू होईल? मुंबई उच्च न्यायालयाने तर काही म्हटलेलं नाही.

बे_एके_बे

सूचना कुठे दिल्ली सरकारच्या आहेत? केंद्रीय प्राधिकरणाच्या आहेत, केंद्राच्या २०१९ च्या कायद्याखाली. त्या मुळातच देशभर लागू होत्या. दिल्लीच्या न्यायालयाने त्या रद्द करायला नकार दिला, एवढंच.

गल्लामालक

आमच्या असोसिएशनचे वकील वेगळं सांगतात. असो, इथे कायद्याचा कीस पाडून निकाल लागायचा नाही.

सिंगापूरचा_पंत

एवढा गहजब कशासाठी ते कळत नाही. इथे सिंगापुरात मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात. एक दहा टक्के सर्व्हिस चार्जचं, दुसरं नऊ टक्के जीएसटीचं, आणि तो जीएसटी सर्व्हिस चार्जसकट रकमेवर लागतो. सगळे निमूट देतात. वर टिप कोणी ठेवत नाही. दहा टक्क्यांसाठी पोरांसमोर भांडणारा माणूस मी इथे पाहिलेला नाही.

कर्वेनगरकर

पंत, प्रश्न द्यावा की देऊ नये हा नाहीच. पुण्यात हॉटेलवाला सक्ती करू शकतो का, एवढंच विचारलंय. तिथला नियम तसा असेल तर तिथे मीही देईन.

टेबल_नंबर_सात

मी बरीच वर्षं मुंबईत एका फॅमिली रेस्टॉरंटात कॅप्टन होतो. आता धंदा वेगळा आहे, म्हणून मोकळेपणी लिहितो.

आमच्याकडे सर्व्हिस चार्ज महिनाअखेर एकत्र करून पॉइंटांवर वाटायचे. कॅप्टनला जास्त पॉइंट, स्टुअर्डला त्याखालोखाल, भांडीवाल्या पोराला सगळ्यांत कमी. वाटण्याआधी मालक फुटलेल्या ग्लास-प्लेटांचे पैसे कापायचा. मग स्टाफच्या जेवणापोटी काही. उरलेलं किती ते फक्त अकाउंटंटला माहीत. आम्ही एकदा हिशोब मागितला तर उत्तर आलं, 'मिळतंय ते घ्या.' सगळीकडे असंच असतं असं म्हणत नाही, व्यवस्थित वाटणारे मालकही मी पाहिलेत. पण बिलावर चार्ज दिसला की गिऱ्हाईक टिप ठेवत नाही, आणि हातात पडलेली टिप हाच आमचा खरा पैसा होता. त्यामुळे चार्ज गेला म्हणून सगळे वेटर रडतील असं समजू नका.

आणि कर्वेनगरकर, तुमच्या मॅनेजरने पेनाने का लिहिलं ते सांगतो. बिल एकदा छापलं की कॅप्टनच्या लॉगिनवरून ते बदलता येत नाही. मॅनेजरचा पासवर्ड टाकून जुनं बिल रद्द करावं लागतं आणि नवीन काढावं लागतं. ते रद्द झालेलं बिल रात्री मालकाच्या रिपोर्टात दिसतं. रद्द बिलं जास्त झाली की मालकाला वाटतं, पोरं कॅश खातायत. ती बोलणी टाळायला पेनाची वजाबाकी किंवा 'डिस्काउंट'. म्हणून माझा सल्ला, ऑर्डर देतानाच शांतपणे सांगून टाका, 'बिलात सर्व्हिस चार्ज लावू नका.' बिल छापण्याआधी तो काढणं एका टिचकीचं काम आहे. आवाज चढवायची वेळच येत नाही.

गल्लामालक

हे मात्र बरोबर आहे. माझ्या मशीनमध्ये तो आधीपासून टिक केलेलाच असतो, काढावा लागतो. एक सांगतो, पेनाने वजा करून देणं आमच्याही अंगाशी येतं. मशीनमध्ये विक्री २०२४ ची आणि कर १०१.२० चाच राहतो, गल्ल्यात मात्र १९४१ येतात. कर मी मशीनच्या आकड्यावर भरतो. म्हणजे तुमचे नऊ रुपये मला मिळाले नाहीत, ते सरकारकडे गेले.

बे_एके_बे

म्हणजे मेहुणा नऊ रुपयांपुरता खरा ठरला की! थोडा तरी सरकारी कर निघालाच.

सुनंदा_वि

पण गल्लामालक, तुम्ही चार्ज घेताच कशाला? पदार्थांचे दर दहा टक्के वाढवा ना. आम्ही दर बघू आणि परवडलं तर बसू.

गल्लामालक

ताई, तेच तर दुखणं आहे. शेजारच्याची पनीरची भाजी ३२० आणि माझी ३५२ दिसली की गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतं. चार्ज खाली असला की दर स्पर्धेत राहतो. दुसरं म्हणजे पाच टक्के कर ऐकायला कमी वाटतो, पण त्याचं क्रेडिट आम्हाला मिळत नाही. जागेच्या भाड्यावर मी अठरा टक्के जीएसटी भरतो, एसी घेतला तर त्यावरही भरतो, आणि त्यातला एक पैसा वळता होत नाही. ते सगळं दरातच बसवायचं असतं. वर पगार, गॅस. न्यायालयाने दर काय ठेवायचा याला बंदी केलेली नाही हे मला मान्य आहे. पण सगळ्यांनी एकदम वाढवले तरच ते जमेल, एकट्याने वाढवणारा मरतो.

जमाखर्च

प्रामाणिकपणे लिहिलंत. पण दर कमी दाखवून खाली वाढवणं हीच तर ग्राहकांची तक्रार आहे. मेन्यूवर ३२० वाचून बसलेल्या माणसाला भाजी कर धरून ३३६ ला पडायला हवी, ती ३६९.६० ला पडते.

कराडची_मावशी

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल ना? आमच्या इथे एक खानावळ आहे, जेवण उत्तम. बिलात सर्व्हिस चार्ज वगैरे काही नाही, पण जीएसटी ५ टक्के अशी एकच ओळ असते. अडीच-अडीच असं काही नाही. नंबर छापलेला आहे. भाचा म्हणतो काहीतरी गडबड आहे.

जमाखर्च

मावशी, भाचा हुशार आहे. तो नंबर पंधरा अक्षरी असेल आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होईल. जीएसटीच्या सरकारी वेबसाइटवर लॉगिन न करता 'Search Taxpayer' मध्ये तो टाका. खानावळीचं नाव येईल आणि करदात्याचा प्रकार दिसेल. तिथे 'Regular' असेल तर एक ओळ की दोन ओळी हा केवळ छपाईचा आळस, कर बरोबरच आहे. पण 'Composition' असेल तर मामला वेगळा. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलांना ही सवलतीची योजना घेता येते. त्यात पाच टक्के मालकाने स्वतःच्या खिशातून भरायचे असतात, गिऱ्हाइकाकडून वेगळे घ्यायचे नसतात. आपल्याला कर घेण्याचा अधिकार नाही असं त्यांना बिलावरच लिहावं लागतं. असं हॉटेल जीएसटीची ओळ लावत असेल तर ते सर्व्हिस चार्जपेक्षा गंभीर, कारण तिथे कराच्या नावाने पैसे घेऊन ते खिशात जातात.

कराडची_मावशी

पाहिलं. 'Composition' आलं. आता काय करू? बाई एकटी सगळं चालवते, तक्रार करायला जीव धजत नाही. बहुतेक तिच्या बिलाच्या मशीनवाल्यानेच ती ओळ बसवून दिली असेल.

जमाखर्च

मग तक्रार नका करू, तिला सांगा. ओळ काढून दर पाच-दहा रुपयांनी वाढव म्हणावं. खात्याची नोटीस आली तर तिला जास्त महागात पडेल.

रविवारचा_माणूस

दारूचं काय? आमच्या बिलात जेवण १२००, ड्रिंक्स १५००, मग २७०० वर दहा टक्के म्हणजे २७० सर्व्हिस चार्ज. जीएसटी १४७० वर लावलाय आणि व्हॅट १५०० वर दहा टक्के. हा १४७० कुठून आला ते चार जण मिळून शोधत होतो. अर्थात तेव्हा शोधण्याच्या अवस्थेत कोणी नव्हतं.

बे_एके_बे

जेवण १२०० अधिक सगळा सर्व्हिस चार्ज २७०.

जमाखर्च

हो. दारूवर जीएसटी नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट. परमिट रूमसाठी महाराष्ट्राने तो १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचाचा दहा टक्के केला. त्यामुळे व्हॅटचे १५० बरोबर. पण २७० पैकी १५० हे दारूवरच्या सर्व्हिसचे आहेत. ते जीएसटीत का घातले? काही हॉटेलं तसं करतात, काही तो भाग व्हॅटच्या बाजूला टाकतात, काही दोन वेगळी बिलं काढतात. यावर मी छातीठोक सांगणार नाही. तुमच्या बाबतीत सोपा मार्ग म्हणजे अख्खे २७० काढायला लावा, मग जीएसटी १२०० वर ६० होईल आणि वादच मिटेल. ७३.५० च्या जागी ६०.

गल्लामालक

आमचा सीए म्हणतो, सर्व्हिस ही सर्व्हिस, दारू आणून दिली तरी. म्हणून सगळ्यावर जीएसटी.

जमाखर्च

आणि माझा एक मित्र नेमकं उलट म्हणतो. दोघेही सीएच.

सुनंदा_वि

सर्व्हिस चार्ज राहू दे, पाण्याच्या बाटलीचं बोला. एमआरपी २० आणि लावतात ४०. हे तर सरळ बेकायदा आहे ना? आता मी यावर भांडणार आहे.

जमाखर्च

नका भांडू ताई, हराल. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की हॉटेलात बसून घेतलेली बाटली ही नुसती विक्री नाही, त्यात बसायची जागा, वाढप सगळं आलं. त्यामुळे तिथे एमआरपीपेक्षा जास्त घेता येतं. भांडायचंच तर साधं पाणी मागा. म्हणूनच खंडपीठाचा तो प्रश्न हॉटेलवाल्यांना अडचणीचा आहे. सेवेचे पैसे बाटलीत धरायची मुभा तुम्हाला मिळाली, मग तीच सेवा दुसऱ्यांदा कशी विकणार?

नुसतीच_वाचक

तक्रारीचा अनुभव सांगते. आम्ही मुंबईत एका ठिकाणी वाढदिवसाला गेलो होतो, बिल मोठं होतं. त्यात सर्व्हिस चार्ज नव्हता, पण 'स्टाफ कॉन्ट्रिब्युशन' दहा टक्के होता. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, हा सर्व्हिस चार्ज नाहीच." मुलं कंटाळली होती, म्हणून पूर्ण पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी १९१५ वर फोन केला. ती ग्राहकांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. बाईंनी बिलाचा फोटो अपलोड करायला सांगितला. पंधरवड्यात हॉटेलकडून मेल आला आणि रक्कम खात्यात परत आली. पण फक्त दहा टक्के आले, त्यावरचा जीएसटी नाही. या धाग्यावर वाचेपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गल्लामालक

स्टाफ कॉन्ट्रिब्युशन हे नाव न्यायालयानेच सुचवलं होतं, २०२३ मध्ये. आमच्या वरच्या फेडरेशनने ते मान्यही केलं होतं.

जमाखर्च

खटला चालू असतानाची ती तात्पुरती सोय होती. अंतिम निकाल आल्यावर तिला अर्थ उरला नाही. आणि मूळ सूचनांतच 'दुसऱ्या कोणत्याही नावाने नाही' असं आहे. त्यामुळे स्टाफ कॉन्ट्रिब्युशन, स्टाफ वेल्फेअर, नाव काहीही असलं तरी न विचारता बिलात आलं तर ते त्याच माळेतलं.

वाचकताई, हेल्पलाइनला हुकूम काढण्याचा अधिकार नसतो, ती तक्रार हॉटेलकडे पोचवते आणि पाठपुरावा करते. बरीच हॉटेलं तेवढ्यावर परत करतात. नाही केलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. पण दोनशे रुपयांसाठी तारखा कोण करणार हे हॉटेलवालेही जाणतात. तक्रारीत एक गोष्ट आवर्जून लिहायची: मी काढायला सांगितलं आणि नकार मिळाला. न मागताच भरलेल्या पैशांवर हॉटेल 'त्यांनी खुशीने दिले' असं म्हणतं. आणि बिल जपून ठेवा. थर्मल कागदावरची छपाई उडते, म्हणून लगेच फोटो काढा.

टेबल_नंबर_सात

आणखी एक. पैसे भरताना मशीनवर किंवा यूपीआयवर आकडा बघा. बिल नवीन काढलं तरी घाईत पोरगा मशीनवर जुनाच आकडा मारतो. मुद्दाम नाही, मशीन बिलिंगला जोडलेलं नसतं, तो हाताने टाकतो.

कर्वेनगरकर

खूप कळलं. हॉटेलला मेल केला होता, बिलाचा फोटो लावून. आत्ता उत्तर आलं: 'नऊ रुपये वीस पैसे जीएसटीपोटी असल्याने परत करता येत नाहीत, कारण ते शासनाकडे जमा होतात.' हे खरं आहे का?

जमाखर्च

अर्धं. महिन्याचं रिटर्न पुढच्या महिन्यात भरलं जातं, तोवर ते जुनं बिल रद्द करून १९३२ चं नवीन काढू शकतात. नंतरही क्रेडिट नोट काढता येते. त्यांना ते नऊ रुपयांसाठी करायचं नाहीये, एवढंच. गल्लामालक, तुम्ही केलं असतंत?

गल्लामालक

खरं सांगू? मी गल्ल्यातून दहाची नोट दिली असती आणि बिल तसंच ठेवलं असतं.